८० पैकी ५० हवेत, तर ब्लूप्रिंट कशी वाचायची?

*सर, मी निपाणीजवळच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये दहावीला आहे. गणिताच्या प्रिपरेटरीत मला ८० पैकी ३१ पडले. एसएसएलसीला ५० तरी हवेत आणि हातात पाच आठवडे आहेत. शाळेत ब्लूप्रिंटची झेरॉक्स दिली, पण ती कन्नडमध्ये आहे आणि चौकटींत नुसते ४(१), ६(२) असे आकडे आहेत. मैत्रीण म्हणते, जास्त गुणांचे धडे कर, बाकीचे सोडून दे. मामांनी कोल्हापूरहून एक गाइड आणून दिलंय. कोणते धडे करू? ब्लूप्रिंट आणि माझ्या तपासलेल्या पेपरचे फोटो पाठवते आहे.*
*— एक विद्यार्थिनी, चिकोडी शैक्षणिक जिल्हा*

तू तपासलेला पेपरही पाठवलास ते फार बरं केलंस. नुसत्या ब्लूप्रिंटवरून मला काही सांगता आलं नसतं. कोणत्या धड्याला किती गुण आहेत एवढंच ती सांगते, त्यातले तुझ्या हाताला किती लागतील हे तुझ्या पेपरावरूनच कळतं. दोन्ही कागद शेजारी ठेवूनच धडे निवडायचे असतात.

आधी मामांच्या गाइडचं सांगतो. ते बाजूला ठेव. महाराष्ट्र बोर्डात दहावीच्या गणिताचे भाग १ आणि भाग २ असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात. आपल्याकडे कर्नाटकात ८० गुणांचा एकच पेपर असतो. तिकडच्या भाग १ मध्ये अर्थनियोजन नावाचा आख्खा धडा आहे, तो आपल्या पुस्तकात नाही. आपल्याकडचे वास्तव संख्या आणि बहुपदी हे धडे तिकडे दहावीला नाहीत. भाषा मराठीच असल्यामुळे सीमाभागातली मुलं दरवर्षी ही गाइडं आणतात आणि दुसऱ्याच परीक्षेचा अभ्यास करत बसतात. वर्गसमीकरणांची जादा उदाहरणं हवी असतील तर त्यातली जरूर सोडव. गुणविभागणीचं पान मात्र उघडू नकोस.

आता झेरॉक्स घे. कन्नड नावांशी झटत बसायचं कारण नाही. कन्नड माध्यमाचं आणि आपलं गणिताचं पुस्तक एकच आहे, धडे तेच. पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेव आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने मराठी नाव लिही. आडव्या ओळी म्हणजे घटक, उभे रकाने म्हणजे प्रश्नांचे प्रकार: बहुपर्यायी १ गुण, एका वाक्यातलं उत्तर १ गुण, मग २, ३, ४ आणि ५ गुणांचे प्रश्न.

कंसाच्या आकड्यांत मुलं हमखास फसतात. काही तक्त्यांत कंसाबाहेर गुण आणि कंसात प्रश्नांची संख्या असते, काहींत बरोबर उलट. तुझ्या तक्त्यात काय आहे ते तिथेच कळतं. संख्याशास्त्राच्या ओळीत ३ गुणांच्या रकान्यात ६(२) लिहिलंय. तीन गुणांचे दोन प्रश्न म्हणजे सहा गुण, तेव्हा बाहेरचा आकडा गुणांचा आणि आतला प्रश्नांचा. खात्रीसाठी तो रकाना वरून खाली मिळव. बाहेरच्या आकड्यांची बेरीज २७ येते आणि कंसातल्यांची ९, म्हणजे नऊ प्रश्न, प्रत्येकी तीन गुण. असेच सगळे रकाने मिळवल्यावर ३८ प्रश्न आणि ८० गुण भरतात. तुझा तक्ता भरतो, मी मिळवून पाहिला. ज्या तक्त्याची बेरीज जमत नाही किंवा ज्यात तुझ्या पुस्तकात नसलेला धडा दिसतो, तो जुन्या वर्षाचा समजायचा. फोनवर फिरणारे बरेच तक्ते तसलेच असतात.

बेरीज जमली तरी आणखी एक पडताळा बाकी राहतो. बोर्डाच्या संकेतस्थळावरून, `kseab.karnataka.gov.in`, यंदाची नमुना प्रश्नपत्रिका काढून घे. तीत प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या धड्यातला ते लिही आणि धड्यागणिक गुण मिळव. तक्त्याशी एखाद्या गुणाचा फरक आला तर चालेल. एखाद्या धड्यात तीन-चार गुणांचा फरक पडला, तर प्रश्नपत्रिका खरी मानायची आणि तक्ता दुरुस्त करायचा. हे करताना ‘किंवा’ असलेले प्रश्नही बघ. ‘किंवा’च्या दोन्ही बाजूंचे प्रश्न एकाच धड्यातले असतील, तर त्या पर्यायाच्या भरवशावर धडा सोडता येत नाही. पर्याय आहे म्हणून आख्खा धडा टाकणारे इथेच अडकतात.

तुझ्या पेपरातले गुण मी धड्याप्रमाणे वेगळे काढले आहेत. पहिला आकडा तक्त्यातला, दुसरा तुला मिळालेला.

| घटक | तक्त्यातले गुण | तुला मिळाले |
|---|---|---|
| वास्तव संख्या | ४ | ३ |
| बहुपदी | ५ | २ |
| दोन चलांतील रेषीय समीकरणे | ८ | ४ |
| वर्गसमीकरणे | ८ | ४ |
| समांतर श्रेढी | ७ | ३ |
| त्रिकोण | ८ | २ |
| निर्देशक भूमिती | ६ | ३ |
| त्रिकोणमिती | ७ | २ |
| त्रिकोणमितीचे उपयोग | ४ | ० |
| वर्तुळे | ४ | १ |
| वर्तुळाशी संबंधित क्षेत्रफळे | ३ | ० |
| पृष्ठफळ आणि घनफळ | ७ | १ |
| संख्याशास्त्र | ६ | ३ |
| संभाव्यता | ३ | ३ |

मैत्रिणीचा सल्ला इथे तपासून बघ. जास्त गुणांचे धडे घ्यायचे म्हटलं तर पृष्ठफळ-घनफळाचे ७ गुण संख्याशास्त्राच्या ६ च्या आधी येतात. आता ओळीत आत जाऊन बघ. पृष्ठफळाच्या सातांतले पाच गुण एकाच प्रश्नात आहेत. दोन घनाकृती जोडलेली वस्तू, तीन-चार सूत्रं, २२/७ चा गुणाकार, आणि एक पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं. संख्याशास्त्राचे सहा गुण तीन-तीनच्या दोन प्रश्नांत आहेत, आणि त्यांची रीत ठरलेली: तक्ता काढा, सूत्र लिहा, किंमती भरा. ज्या मुलीच्या हातात पाच आठवडे आहेत तिच्यासाठी हे सहा गुण त्या सातांपेक्षा जास्त आहेत. धड्याचे एकूण गुण बघून थांबायचं नाही, ते केवढ्या केवढ्या तुकड्यांत वाटलेत ते बघायचं.

तुला १९ गुण वाढवायचे आहेत. पण बरोबर १९ गुणांचे धडे निवडलेस तर ५० होणार नाहीत, कारण तयारी केलेलं सगळंच्या सगळं कुणाचंच बरोबर येत नाही. चारातले तीन गुण हाताला लागतील असं मी धरतो. त्या हिशोबाने निदान २६ गुणांचं नवं काम निवडायला हवं. मी २८ गुणांचं निवडतो आहे.

सुरुवात रेषीय समीकरणांपासून कर. तुझे चार गुण गेले ते आलेखाच्या एकाच प्रश्नात, आणि तो तू कोराच ठेवला आहेस. आलेखात दोन तक्ते, दोन रेषा आणि छेदबिंदू वाचणं एवढंच असतं. तक्ते, रेषा आणि उत्तर यांना वेगवेगळे गुण मिळतात. म्हणून रेषा थोडी चुकली तरी तक्त्याचे गुण जात नाहीत. प्रत्येक रेषेसाठी तीन बिंदू काढ. दोन बिंदूंनी रेषा निघते, तिसऱ्याने चूक कळते. तीन बिंदू एका रेषेत आले नाहीत तर किंमत काढण्यात घोटाळा झालाय, तो तिथेच सुधार.

त्याच्या पाठोपाठ समांतर श्रेढी घे. तक्त्यात हे दोन धडे लांब लांब असले तरी एक झाल्यावर दुसरा निम्म्या वेळात होतो. श्रेढीचा तुझा राहिलेला चार गुणांचा प्रश्न बघ. चौथं पद ११ आणि नववं पद २६ दिलं असेल तर `a + 3d = 11` आणि `a + 8d = 26` ही रेषीय समीकरणांची जोडीच झाली. वजा केलं की `5d = 15`, म्हणजे `d = 3` आणि `a = 2`. पुढे पहिल्या २० पदांची बेरीज विचारली तर `S = 20/2 × (2×2 + 19×3)`, म्हणजे १० गुणिले ६१, उत्तर ६१०. तू पेपरात पहिलं समीकरण बरोबर मांडलंयस. नवव्या पदासाठी मात्र `a + 9d` लिहिलंयस, आणि सगळं तिथून घसरलं. पदाच्या क्रमांकातून एक वजा होतो. रोज दोन उदाहरणं केलीस तर आठवड्यात ही चूक जाईल.

अशीच दुसरी जोडी बहुपदी आणि वर्गसमीकरणं यांची आहे. बहुपदीत मधल्या पदाचे दोन भाग करून अवयव पाडायला बसलं की वर्गसमीकरण सोडवण्याची पहिली रीत आपोआप येते. बहुपदीत तुझे तीन गुण शून्यांच्या बेरजेचं चिन्ह चुकल्याने गेले. बेरीज `−b/a` असते, गुणाकार `c/a`. त्या उणे चिन्हाकडे दुर्लक्ष झालं की पडताळा जमत नाही, आणि पडताळा जमत नाही हीच चूक झाल्याची खूण. वर्गसमीकरणांत मुळांचं स्वरूप विचारणारा दोन गुणांचा प्रश्न आणि आणखी एक दोन गुणांचा, असे चार राहिलेत. `b² − 4ac` काढून ते धन, शून्य की ऋण एवढंच बघायचं असतं. हा प्रश्न सोडायचं काही कारणच नाही.

निर्देशक भूमितीत राहिलेला प्रश्न विभाजन सूत्राचा. त्यात `m₁` बरोबर दुसऱ्या बिंदूचा निर्देशक येतो आणि `m₂` बरोबर पहिल्याचा, आणि मुलं नेमकी इथेच उलटी करतात. सूत्र लिहिण्याआधी दोन्ही बिंदूंवर `x₁, y₁` आणि `x₂, y₂` ही नावं लिहून ठेव. संख्याशास्त्रात तुला सरासरी आली, मध्यक चुकला. मध्यकाच्या सूत्रातली संचित वारंवारता मध्यक वर्गाची नसते, त्याच्या आधीच्या वर्गाची असते. तू मध्यक वर्गाचीच घेतलीस. उत्तर त्या वर्गाच्या बाहेर गेलं की समजायचं, गडबड झाली. तुझं उत्तर तसंच बाहेर गेलंय, पेपरात बघ.

इथवर २१ गुण झाले: रेषीय ४, श्रेढी ४, बहुपदी ३, वर्गसमीकरणं ४, निर्देशक ३, संख्याशास्त्र ३. उरलेले ७ मी सिद्धांतांतून घेतो. त्रिकोण हा धडा तुला जड जातोय हे पेपरावरून दिसतंच, आणि पाच आठवड्यांत तो सगळा होणार नाही. पण त्यातला चार गुणांचा प्रश्न सिद्धांताचा आहे. थेल्सचा सिद्धांत आणि को-को समरूपतेची कसोटी, हे दोन सिद्धांत आकृती, पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशा क्रमाने लिहायला शीक. वर्तुळांत तीन गुणांसाठी बाह्य बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका समान असतात, हा सिद्धांत कर. स्पर्शिका आणि त्रिज्या एकमेकींना लंब असतात हाही जोडीला घे, कारण पहिल्याच्या सिद्धतेत तो लागतो. हे वाचून येत नाही. पुस्तक मिटून दिवसाआड एक सिद्धांत कागदावर लिहायचा आणि मग पुस्तकाशी ताडायचा. आकृतीला नावं दिली नाहीत किंवा पायरीचं कारण लिहिलं नाही तर अर्धा-अर्धा गुण जात राहतो. म्हणून कारणांचा उजवा रकाना कोरा ठेवू नकोस.

२८ चे तीन चतुर्थांश २१. तुझे ३१ आणि हे २१ मिळून ५२ होतात. त्या ३१ मध्ये जे येतंय ते विसरायला मात्र नको. संभाव्यतेचे तीन आणि वास्तव संख्यांचे तीन गुण तुझे हक्काचे आहेत. त्यांवर आठवड्यातून एकदा नजर टाकलीस तरी पुरे.

आता काय सोडायचं ते. पृष्ठफळ-घनफळाचा पाच गुणांचा प्रश्न, क्षेत्रफळांचा तीन गुणांचा आणि त्रिकोणमितीच्या उपयोगाचा चार गुणांचा प्रश्न आत्ता हातात घेऊ नकोस. तरी हे धडे पूर्ण बंद करायचे नाहीत. तुझ्या तक्त्यात एका गुणाचे सोळा प्रश्न आहेत आणि ते दहा धड्यांत पसरलेत. सोडलेल्या पृष्ठफळातही एक-एक गुणाचे दोन आहेत. एका कागदावर वृत्तचिती, शंकू, गोल आणि अर्धगोल यांची सूत्रं लिहून भिंतीला लाव. एका गुणाच्या प्रश्नाला एवढं पुष्कळदा पुरतं.

त्रिकोणमितीचा निर्णय घेताना मी जरा थांबलो, कारण ७ आणि उपयोगाचे ४ मिळून हा ११ गुणांचा सगळ्यात मोठा गठ्ठा आहे. तुला ५० हवेत म्हणून मी तो मागे ठेवला. तुझं उद्दिष्ट ६५ असतं तर सुरुवातच इथून केली असती, कारण तिथवर जायला हे गुण सोडून चालत नाही. उन्नत कोनाच्या उदाहरणात आकृती काढता येणं, योग्य गुणोत्तर निवडणं आणि √३ ची आकडेमोड या तिन्ही गोष्टी एकदम लागतात. त्याला निदान दोन आठवडे हवेत, आणि तेवढ्या वेळात तुझे वरचे चार धडे पक्के होतात. पण ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांच्या किंमतींचा तक्ता तुला येतो, तुझे दोन्ही गुण त्यातूनच आलेत. त्याच तक्त्यावर किंमती भरून उत्तर काढण्याचा दोन गुणांचा प्रश्न असतो. तो राखीव म्हणून तयार ठेव. वरच्या हिशोबात मी तो धरलेला नाही.

वेळेची विभागणी अशी कर. पहिल्या आठवड्यात रेषीय समीकरणं आणि श्रेढी, दुसऱ्यात बहुपदी आणि वर्गसमीकरणं, तिसऱ्यात संख्याशास्त्र आणि निर्देशक भूमिती. सिद्धांत पहिल्या दिवसापासून दिवसाआड चालूच राहतील. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, पाहिजे तर रविवारी, पूर्ण वेळ लावून नमुना प्रश्नपत्रिका सोडव, आणि तुझ्या सरांकडून किंवा बाईंकडून तपासून घे. स्वतः तपासलं की पायऱ्यांचे गुण आपण सढळ हाताने देतो. मग वरच्या तक्त्याला चौथा रकाना जोडून धड्याप्रमाणे नवे गुण भर.

त्या रकान्यात निवडलेल्या एखाद्या धड्यात काहीच वाढ दिसली नाही, तर चूक कोणत्या प्रकारची आहे ते बघ. सूत्रच आठवलं नाही, सूत्र आलं पण किंमत चुकली, की प्रश्न काय विचारतोय तेच कळलं नाही? पहिल्या दोन चुका चौथ्या आठवड्यात सुधारतात. तिसरी असेल तर त्या धड्यावर आणखी वेळ घालवू नकोस, तो त्रिकोणमितीच्या राखीव प्रश्नाला दे. बेरीज ४५ च्या वर असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत नवा धडा उघडायचा नाही. दर तीन दिवसांनी एक पूर्ण पेपर आणि मधल्या दोन दिवसांत त्यातल्या चुका, एवढंच कर. बेरीज ४० च्या खाली आली तर तो पेपर आणि चौथा रकाना मला पाठव. कोणते गुण सोडायचे ते मग पुन्हा ठरवू.